रोज १५ किलोमीटर : मेट्रो की बस?

मूळ पोस्ट (पासवाला): पुण्यात कोथरूडहून रामवाडीला कारकुनी करणाऱ्याने मेट्रोची चैन करू नये. पीएमपीचा पास काढा, बसने जा. स्वस्त आहे, विषय संपला.

हिशेबनीस: संपला कसा? जून २०२५ पासून मासिक पास ९०० चा १५०० झालाय. कोथरूडच्या वनाझ स्टेशनपासून रामवाडीपर्यंत मेट्रो ३० रुपये. कार्ड असेल तर कामाच्या दिवशी दहा टक्के सूट, म्हणजे २७. जाऊन-येऊन ५४, पंचवीस दिवसांचे १३५०. आता चैन कुठली ते सांगा. पास नसला तर बसलाही १५ किलोमीटरपर्यंत ३०च पडतात, आणि त्यापुढे सरकलात की ४०.

पासवाला: वनाझ स्टेशनात कोण राहतं हो? शेजारच्या वारज्यातून स्टेशनपर्यंत बसचे १० द्यायचे, येताना परत १०. महिन्याचे ५०० वाढले, झाले १८५०. पासात हे सगळं येतं, वर रविवारी बायको-पोरांकडे सासुरवाडीला जाणंही फुकट.

हिशेबनीस: बरं, घर स्टेशनपासून लांब असेल तर तुमचा पास जिंकला. पण वेळेचं काय? मेट्रोला ३५ मिनिटांच्या आसपास लागतात. जिना, बॅग तपासणी धरून दहा मिनिटं वर ठेवा, रोज तेवढीच लागतात. मस्टरवर सही करणाऱ्याला हेच हवं असतं.

हडपसरी: आमच्याकडे मेट्रोच नाही, मग आम्ही काय करायचं?

पासवाला: धागा कोथरूडचा आहे, दादा.

डेपोतला: बस नेमकी का चुकते ते कोणी बोलत नाही. पुढची गाडी सिग्नलला पाच मिनिटं अडकली की पुढच्या स्टॉपवर जास्त माणसं जमतात. चढ-उतार, सुटे पैसे, ती आणखी रखडते. मागची मात्र मोकळी, म्हणून तिला गाठते. अर्धा तास काही नाही आणि मग एका नंबरच्या दोन गाड्या! पहिलीला लोंबकळू नका, मागे तोच नंबर दिसतोय का बघा. फक्त पाटी वाचा. उशीर झालेली गाडी कधीकधी मनपाच्या स्टॉपवरूनच परत फिरवतात.

हिशेबनीस: नगर रस्त्यावरची बीआरटी, म्हणजे बसची राखीव मार्गिका, उखडली नसती तर ही वेळच आली नसती.

पासवाला: कसली बीआरटी! भर रस्त्यातल्या स्टॉपवर पोचायला जीव मुठीत धरून पलीकडे जावं लागायचं.

हिशेबनीस: मग सिग्नल द्यायचा होता, मार्ग का काढला? आता बस त्याच रिक्षा-टेम्पोंच्या गर्दीत उभी असते आणि तुम्ही तिचीच आरती ओवाळताय.

पासवाला: आरती नाही, १५०० रुपये भरलेत. वसूल करणार.

डेपोतला: भांडा खुशाल. वारजेकरांनी एक करून बघा : स्टेशनपर्यंत सायकल, पुढे मेट्रो. ते ५०० वाचतात. पावसाळ्यात मात्र पुन्हा बसच, आणि सायकल कुठे लावायची ते आधी बघून या.

हडपसरी: आणि हडपसरचं?