अनुभव धागा : दुसऱ्या क्षेत्रातून हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये – जुन्या कामातले नेमके काय उपयोगी पडले?

धागाकर्ता (फ्रंट ऑफिस, अंधेरी पूर्व)

विमानतळाजवळच्या एका हॉटेलात मी फ्रंट ऑफिसचे काम पाहतो आणि नव्या लोकांच्या मुलाखतीही घेतो. बँक, रुग्णालय, कॉल सेंटर, दुकान अशा ठिकाणांहून येणारे उमेदवार आपल्या अर्जात "संवादकौशल्य उत्तम" एवढेच लिहितात, आणि त्यावरून मला काहीच ठरवता येत नाही. म्हणून विनंती अशी, की जे या कामात आले आहेत त्यांनी काउंटरवरचा एखादा ठोस प्रसंग घेऊन जुन्या कामाची कोणती सवय तिथे चालली आणि कोणती चालली नाही, हे सविस्तर लिहावे.

चर्चा भरकटू नये म्हणून एक प्रसंग मीच मांडतो. मुंबईत परदेशातून येणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर आणि पहाटे उतरतात, तर खोली द्यायची आमची वेळ दुपारी दोनची असते. सकाळी सव्वासहाला एक पाहुणे येतात, त्यांची अकरा वाजता बीकेसीत बैठक आहे, आदल्या रात्री हॉटेल पूर्ण भरलेले होते आणि एकही स्वच्छ खोली रिकामी नाही. अशा वेळी "खोली दोनला मिळेल" हे उत्तर नियमाला धरून असले तरी त्याने पाहुण्यांची अडचण सुटत नाही. तुमच्या आधीच्या कामाने तुम्हाला इथे काय शिकवले असते?

परळची परिचारिका

मी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातून इकडे आले. तुमच्या प्रसंगात माझ्या उपयोगी पडणारी पहिली गोष्ट म्हणजे खोलीची वाट न पाहता बाकीचे सगळे काम लगेच उरकणे. ओळखपत्र पाहणे, नोंदणीपत्रकावर सही घेणे, कार्डावर रक्कम राखून ठेवणे, सामानाला चिठ्ठी लावणे, हे सव्वासहालाच करून टाकावे, म्हणजे खोली हाती आली की फक्त किल्ली द्यायची उरते. त्यानंतर संगणकावर त्याच प्रकारच्या खोल्यांपैकी पहाटेच्या विमानासाठी कोण निघाले आहे, ते शोधावे. समजा ६१४ पहाटे पाचला रिकामी झाली आहे आणि हाउसकीपिंगची सकाळची पाळी सातला सुरू होते. पाहुणे सोडून गेलेली खोली नीट तयार व्हायला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो, वर सुपरवायझरची तपासणी. त्यामुळे मी पाहुण्यांना "साडेआठ" असे सांगेन. "थोडा वेळ बसा" असे कधीच सांगणार नाही. रुग्णाच्या नातेवाइकांना प्रतीक्षेपेक्षा अनिश्चिततेचा त्रास अधिक होतो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे, आणि हॉटेलच्या लॉबीत बसलेल्या माणसाचेही तसेच असते. दरम्यान अंघोळीसाठी जिमची चेंजिंग रूम उघडून द्यावी, न्याहारीची सोय सांगावी आणि साडेआठची वाट न पाहता सव्वाआठला आपण होऊन त्यांच्याकडे जाऊन काय स्थिती आहे ते सांगावे.

दुसरी गोष्ट पाळी बदलतानाची. रात्रीची पाळी सातला संपते, म्हणजे साडेआठचा शब्द देणारी मी आणि तो पाळणारी सहकारी वेगळी. लॉग बुकमध्ये "पाहुणे थकले आहेत, लक्ष ठेवावे" अशी नोंद असेल तर पुढच्या पाळीला त्यातून काहीच करता येत नाही. माझी नोंद अशी असते : "६.१५ला आगमन. नोंदणी पूर्ण, दोन बॅगा ठेवून घेतल्या. ११ला बीकेसीत बैठक. ६१४ त्यांच्यासाठी राखली, हाउसकीपिंगला कळवले. पाहुण्यांना ८.३० सांगितले आहे. ८.१५ला त्यांना भेटणे बाकी." काय झाले, काय सांगितले आणि काय बाकी आहे, या तीन गोष्टी वॉर्डातही अशाच सोपवल्या जातात.

जी सवय सोडावी लागली ती निवडीची. तान्हे मूल घेऊन आलेल्या बाईंना पहिली खोली द्यावी असे मला आतून वाटते आणि मी तसे सुचवतेही, परंतु काही कंपन्यांच्या करारातच लवकर खोली देण्याची अट असते. तिथे माझ्या मनाने क्रम बदलता येत नाही. ड्युटी मॅनेजरला विचारावेच लागते.

कॅशकाउंटर

मी बँकेत रोखपाल होतो. ओळखपत्र नीट पाहण्याची सवय सरळ कामी आली; पॅन कार्डावर पत्ता नसतो म्हणून ते चालत नाही, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. परदेशी पाहुण्यांचा सी फॉर्म चोवीस तासांच्या आत भरायचा असतो, त्यातही पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे उतरवण्याची शिस्त लागते.

मात्र मला सविस्तर लिहायचे आहे ते कार्डावर राखून ठेवलेल्या रकमेबद्दल, कारण काउंटरवरचे बरेचसे वाद तिथून निघतात. समजा खोलीचे भाडे रात्रीला ६,००० रुपये आणि मुक्काम दोन रात्रींचा. म्हणजे १२,००० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटीचे ६००, आणि इतर खर्चासाठी दिवसाला २,००० प्रमाणे ४,०००. एकूण १६,६०० रुपये कार्डावर राखले. निघताना बिल झाले १३,९००. इथे त्याच राखलेल्या रकमेतून १३,९०० पक्के करून उरलेले २,७०० मोकळे करायचे असतात. नवखा माणूस घाईत मशीनवर १३,९००चा स्वतंत्र व्यवहार करतो. मग पाहुण्यांच्या मोबाईलवर १६,६००ही दिसतात आणि १३,९००ही दिसतात, आणि दुसऱ्याच दिवशी फोन येतो की आमचे पैसे दोनदा गेले. रोखपालाला प्रत्येक नोंद आधीच्या कोणत्या नोंदीशी जुळते ते पाहण्याची सवय असते. त्या सवयीने हा घोळ टळतो. कार्ड घेण्यापूर्वीच "ही रक्कम आत्ता वळती होत नाही, फक्त राखली जाते" असे एक वाक्य मी न चुकता सांगतो.

मॉलमधला

मी कपड्यांच्या मोठ्या दुकानात बिलिंगला होतो आणि आता वाशीच्या हॉटेलात आहे. कॅशकाउंटर यांचे बरोबर आहे, पण लोक उगाच घाबरतात. चेक-आउटला आपण रक्कम मोकळी केली की ती लगेच खात्यात दिसते. मी तर पाहुण्यांना तसे निर्धास्तपणे सांगतो.

कॅशकाउंटर

क्रेडिट कार्ड असेल तर पाहुण्यांना ते सहसा जाणवत नाही, कारण अडकते ती फक्त मर्यादा. डेबिट कार्डाचे मात्र तसे नाही. तिथे त्यांच्या खात्यातले स्वतःचे पैसे अडकलेले असतात, आपण मोकळे केल्याचा निरोप पाठवला तरी बँक तिच्या पद्धतीने सोडते आणि त्याला काही दिवस लागू शकतात. "लगेच दिसतील" असे सांगितलेल्या माणसाला टॅक्सीत बसल्यावर ते दिसले नाहीत, तर तो खोटे बोलल्याचा आरोप करील आणि त्याला दोष देता येणार नाही. डेबिट कार्ड दिसले की क्रेडिट कार्ड आहे का, असे आधी विचारावे, आणि नसेल तर वेळ लागेल हे स्पष्ट सांगावे.

एक पालक, डोंबिवली

धागा वाचला. माझ्या मुलाची बारावी झाली आहे. त्याने दादरच्या आयएचएममध्ये प्रवेशासाठी प्रयत्न करावा, की थेट एखाद्या हॉटेलात नोकरीला लागावे? शुल्क आणि वसतिगृहाचीही माहिती हवी होती.

धागाकर्ता

हा धागा दुसऱ्या क्षेत्रात काम केलेल्यांसाठी आहे, त्यामुळे शुल्काविषयी इथे लिहीत नाही. त्यासाठी संस्थेचे माहितीपत्रक पाहावे. एवढे मात्र सांगतो, की बारावीनंतर वय हाताशी असेल तर शिक्षण घेऊनच यावे. पुढे हाउसकीपिंग, किचन अशा इतर विभागांत जाण्याची वाट त्याने मोकळी राहते.

लालबागकर

आमचे घरचे किराणा दुकान होते, तिथे मी लहानपणापासून बसलो. माणसे लक्षात राहणे हे माझे भांडवल. कोणाला वरच्या मजल्यावरची खोली नको असते, कोणाला बिनसाखरेचा चहा लागतो, हे मी आल्या आल्या पाहुण्यांच्या नोंदीत टाकतो आणि पुढच्या खेपेला ते न मागता मिळते.

पण दुकानातली दुसरी सवय इथे पूर्णपणे उलटी ठरते. आमच्याकडे गिऱ्हाइकाला लांबूनच "काय काका, परवा आला होतात, आज पुन्हा?" असे मोठ्याने म्हणणे म्हणजे आपुलकी. हॉटेलात पाहुण्यांसोबत कोण उभे आहे आणि आधीचा मुक्काम त्या व्यक्तीला ठाऊक आहे का, हे आपल्याला माहीत नसते. म्हणून त्यांनी स्वतः विषय काढेपर्यंत आधीच्या मुक्कामाचा उल्लेख करायचा नाही. खोलीचा क्रमांकही तोंडाने उच्चारायचा नाही; किल्लीच्या पाकिटावर लिहिलेला असतो, त्यावर बोट ठेवून दाखवायचा, कारण मागे रांगेत कोणीही उभे असू शकते. बाहेरून फोन आला आणि "अमुक साहेब कोणत्या खोलीत आहेत?" असे विचारले, तर ते आपल्याकडे उतरले आहेत की नाहीत हेदेखील सांगायचे नाही. गिऱ्हाइकांची एकमेकांना खबर देण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हे शिकायला सर्वांत जास्त वेळ लागतो, असे माझे प्रामाणिक मत आहे.

तिकीटघर

मी प्रवासी कंपनीत आरक्षण पाहत होतो. मूळ प्रसंगाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. पहाटे येणाऱ्यांना आरक्षण घेतानाच विचारावे, की विमान किती वाजता उतरते, आणि खोली आल्या आल्या हवीच असेल तर आदल्या रात्रीचे भाडे भरून ती राखावी. काउंटरवर सव्वासहाला चाललेली धडपड बहुतेक वेळा आरक्षणाच्या वेळी न विचारलेल्या एका प्रश्नाची असते. जे आदली रात्र भरून आले आहेत त्यांच्यासमोर न भरलेल्याला फुकट लवकर खोली देणे मला न्याय्य वाटत नाही.

परळची परिचारिका

प्रश्न विचारायलाच हवा, हे पूर्ण मान्य. पण स्वच्छ खोली तयार असताना केवळ पैसे भरले नाहीत म्हणून बैठकीला निघालेल्या माणसाला लॉबीत बसवून ठेवणे मला पटत नाही.

धागाकर्ता

यावर आमच्या हॉटेलातही एकमत नाही. आदली रात्र भरलेल्यांची खोली हात न लावता राखली जाते, एवढे पक्के आहे. बाकी त्या दिवशीची गर्दी पाहून ड्युटी मॅनेजर ठरवतो.

मालाडची शिक्षिका

मी शाळेत शिकवते, चाळिशी ओलांडली आहे आणि या कामात येण्याचा विचार करते आहे. एकच गोष्ट चाळीस प्रकारे समजावून सांगणे मला जमते. मात्र मुलाखतीत हे कसे दाखवावे, आणि रात्रीच्या पाळीचे काय?

धागाकर्ता

ताई, मुलाखतीत मी सव्वासहाचाच प्रसंग देतो. तुम्ही समजावण्यात चांगल्या असाल, पण मी ऐकतो ते हे, की तुम्ही पाहुण्यांना किती वाजताची वेळ सांगता, ती कोणाला विचारून सांगता आणि पुढच्या पाळीसाठी काय लिहून ठेवता. पालकसभेत एखाद्या चिडलेल्या पालकाला तुम्ही नेमके काय सांगितले आणि नंतर ते कसे पाळले, असा एखादा खरा प्रसंग तयार ठेवा. वयाचा प्रश्न मी तरी त्यापुढे विचारात घेत नाही.

रात्रीची पाळी आळीपाळीने येतेच, आणि ती तुमच्या संमतीनेच लावली गेली पाहिजे. नियुक्तिपत्र घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या : रात्री अकराला सुटणाऱ्या पाळीला घरपोच गाडी आहे का, महिन्यात रात्रपाळी किती येते, आणि रात्री काउंटरवर तुमच्याबरोबर आणखी कोण असते. गाडीचे उत्तर "बघू" असे आले, तर मालाडहून अंधेरीला लोकल आहे या भरवशावर होकार देऊ नका.