मदत हवी आहे: प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा खरा मालक सरकारी कागदांवरून कसा शोधायचा?

मशीनशॉप_उद्यमबाग

नमस्कार मंडळी. आमचं बेळगावच्या उद्यमबागेत कास्टिंग मशिनिंगचं काम आहे. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडून 90 दिवसांच्या उधारीवर ऑर्डर येतेय. तिला इथे 'क' म्हणतो. अंदाजे 14 लाखांचा माल कायम बाहेर राहील. कंपनी 2021 ची आहे. डायरेक्टर दोन, आणि दोघंही पगारी माणसं वाटतात. बाजारात बोलतात की मागे दुसरेच शेठ आहेत.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या साइटवर 100 रुपये भरून कागद पाहिले. भागभांडवल 10 लाख, म्हणजे 10 रुपयांचे 1 लाख शेअर्स. 31 मार्च 2023 च्या यादीत दोन्ही डायरेक्टरांचे 50-50 हजार होते. 31 मार्च 2024 च्या यादीत दोघांचे 20-20 हजार उरलेत आणि 60 हजार 'ख' नावाच्या कंपनीकडे गेलेत. दोन्ही वर्षांच्या वार्षिक विवरणाचा फॉर्म MGT-7A आहे. BEN-2 कुठेच नाही. मग मालक कोण समजायचा?

बँक_निवृत्त

खरा मालक जाहीर करण्यासाठीच BEN-2 असतो. तो भरलेला नाही, म्हणजे पडद्यामागे कोणी नाही, डायरेक्टर तेच मालक. बँकेत आम्ही 25 टक्क्यांच्या वरचा माणूस शोधायचो. इथे दोघांकडे 20-20 च आहेत, त्यामुळे 'ख' चे जे डायरेक्टर असतील त्यांची नावं घ्या, काम झालं.

फाउंड्री_मच्छे

पैसे अडकले असतील तर लघुउद्योगांच्या थकबाकीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची असलेली बरी. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर उधारी कायद्यात बसत नाही.

मशीनशॉप_उद्यमबाग

दादा, अजून माल दिलेला नाही. देण्याआधी बघतोय. पण 45 दिवसांचा मुद्दा लक्षात ठेवतो.

ताळेबंद

बँक_निवृत्त साहेबांचा 25 चा आकडा त्यांच्या काळात बरोबर होता. मनी लाँडरिंगच्या नियमांत कंपनीसाठी तो 2023 मध्ये 10 वर आला, आणि कंपनी कायद्याच्या कलम 90 खालच्या नियमांत 10 च आहे. पण डायरेक्टर म्हणजे मालक नव्हे, आणि BEN-2 नाही म्हणजे मागे कोणी नाही असंही नव्हे. त्या माणसाने स्वतः BEN-1 मध्ये कंपनीला कळवायचं, मग कंपनीने 30 दिवसांत BEN-2 भरायचा, अशी ती साखळी आहे. माणूस गप्प बसला आणि कंपनीनेही विचारलं नाही, तर पोर्टलवर काहीच दिसत नाही.

आता तुमचे कागद. दोन्ही याद्यांत एकूण शेअर्स 1 लाखच आहेत. नवे शेअर्स निघाले असते तर PAS-3 दिसला असता. म्हणजे डायरेक्टरांनी प्रत्येकी 30 हजार 'ख' ला विकले किंवा नावावर करून दिले. शेअर ट्रान्सफरचा SH-4 कंपनीकडे जातो, रजिस्ट्रारकडे नाही. म्हणून हा बदल तुम्हाला थेट वार्षिक विवरणातच दिसला.

आणि फॉर्म पाहा. MGT-7A लहान कंपनीसाठी आहे. पण जिचे निम्म्याहून जास्त शेअर्स दुसऱ्या कंपनीकडे आहेत ती उपकंपनी झाली, आणि उपकंपनी कितीही छोटी असली तरी कायद्याने लहान कंपनी ठरत नाही. 2024 साठी 'क' ने MGT-7 भरायला हवा होता. हिशेबनीसाने जुनाच फॉर्म पुढे ओढला असेल, किंवा 'ख' चं नातं ठळक होऊ द्यायचं नसेल. यातलं कोणतं, ते फॉर्मवरून सांगता येत नाही. पण ज्या कंपनीने मुख्य मालकच ध्यानात घेतला नाही, तिने BEN-2 भरला असेल अशी आशा नको.

पुढची पायरी: 'ख' चे कागद. वेगळी कंपनी म्हणून वेगळे 100 रुपये पडतील. शेवटचं MGT-7, कर्जाच्या तारणाचा CHG-1 आणि नोंदणीकृत ऑफिसचा INC-22 उघडा. जुन्या फॉर्मना जोडलेले कागद ब्राउझरमध्ये दिसत नाहीत. फाइल उतरवून अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, डावीकडे पेपरक्लिपचं चिन्ह असतं, यादी त्यात सापडते. यादी जोडलेलीच नाही असं समजून बरेच जण इथेच थांबतात.

निपाणी_वखार

आमच्याकडे तंबाखूचा एक खरेदीदार आहे, तोही 'अँड कंपनी' लावतो. एमसीएवर नावच सापडत नाही. बोगस समजायचं का?

ताळेबंद

नाही. नावात 'अँड कंपनी' आहे पण शेवटी लिमिटेड किंवा एलएलपी नाही, तर ती बहुधा भागीदारी पेढी असेल. तिची नोंद राज्याच्या रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे असते, आणि भागीदारीची नोंदणी सक्तीचीही नाही. तुमच्याकडे पेढी कर्नाटकात नोंदलेली की कोल्हापूरकडे, हे आधी ठरवावं लागेल. कंपन्यांचं तसं नाही. बेळगावची बेंगळुरूच्या रजिस्ट्रारकडे, कोल्हापूरची पुण्याच्या, पण पोर्टल एकच.

मशीनशॉप_उद्यमबाग

'ख' चे कागद मिळाले. कंपनीच्या नोंदणी क्रमांकात, म्हणजे सीआयएन मध्ये PN आहे, म्हणजे पुण्याचा रजिस्ट्रार, ऑफिस कोल्हापुरात. तीन भागधारक, 40, 35 आणि 25 टक्के. तिघांची आडनावं वेगळी. बाजारात ज्या शेठचं नाव घेतात ते या यादीत नाहीत. BEN-2 इथेही नाही. आता तरी मालक ठरतो का?

ताळेबंद

हीच या पद्धतीची सर्वांत महत्त्वाची मर्यादा आहे, म्हणून आकडे मांडून दाखवतो. 'ख' कडे 'क' चे 60 टक्के. पैशाच्या हिशेबाने 40 वाल्याचा 'क' मध्ये वाटा 24 टक्के, 35 वाल्याचा 21, 25 वाल्याचा 15. तिघंही 10 च्या बरेच वर. तरी कंपनीमार्फत धरलेल्या वाट्याचा नियम विचारतो की त्या मधल्या कंपनीत या माणसाचं बहुमत आहे का, म्हणजे निम्म्याहून जास्त. 'ख' मध्ये कोणाचंच नाही. म्हणून शेअर्सच्या कसोटीवर 'क' चा एकही खरा मालक उभा राहत नाही आणि BEN-2 न भरण्याला कागदोपत्री बचाव मिळतो. हेच 'ख' मध्ये एकाकडे 52 असते, तर 'ख' चे सगळे 60 त्याच्यामार्फत चालतात असं धरून त्याचं नाव द्यावंच लागलं असतं.

वकील_खानापूर

एवढ्यावर बचाव होतो हे मला मान्य नाही. कलम 90 मध्ये 'एकट्याने किंवा इतरांसह' असे शब्द आहेत, शिवाय नियंत्रणाची कसोटी वेगळी आहे. तिघे ठरवून एकत्र मत देत असतील तर टक्केवारीच्या आड लपता येणार नाही. मे 2024 मध्ये दिल्लीच्या रजिस्ट्रारने लिंक्डइन इंडियाच्या प्रकरणात शेअर्सपलीकडे जाऊन, कोण कोणाला रिपोर्ट करतं यावरून नियंत्रण ठरवलं आणि सत्या नडेलांसह अनेकांना दंड लावला.

ताळेबंद

कायदा म्हणून तुमचं म्हणणं धरून चालू. पण 'एकत्र वागणं' सिद्ध करणारा करार रजिस्ट्रारकडे भरावा लागत नाही. रजिस्ट्रार नोटीस काढून तो मागवू शकतो, बाहेरून पाहणाऱ्या पुरवठादाराला ती सोय नाही. वेगळी आडनावं असलेले तिघे एका घरचे आहेत की अनोळखी, एवढंही यादी सांगत नाही.

वकील_खानापूर

पुराव्याची अडचण मान्य. पण कायद्यात पळवाट आहे असं नव्या माणसाला सांगू नका, एवढंच.

मशीनशॉप_उद्यमबाग

CHG-1 पण उघडला. 'क' ने कर्ज घेतलंय. सोबतच्या मंजुरीपत्रात जामीनदार तीन: दोन डायरेक्टर आणि तिसरे ते शेठ! आडनाव मात्र एका कागदावर Chougule आणि दुसऱ्यावर Chougale आहे.

ताळेबंद

हा आतापर्यंतचा सर्वांत बोलका कागद. बँक सहसा ज्याच्या मालमत्तेवर भरवसा ठेवते त्याची सही घेते. जो भागधारक नाही, डायरेक्टर नाही, तो स्वतःचं घरदार का जामीन ठेवेल, हा प्रश्न विचारायलाच हवा. तरीही जामीन म्हणजे मालकी नाही. मामा, सासरे, जागेचा मालक, कोणीही जामीन राहतो.

आता आडनाव. आपल्या भागात हा घोळ नेहमीचा. भागधारकाला डायरेक्टरसारखा जाहीर क्रमांक नसतो आणि पॅन दाखवत नाहीत. त्यामुळे नावावरून माणूस ठरवू नका. वडिलांचं नाव आणि पत्ता जुळवा. 'ख' च्या स्थापनेच्या मेमोरँडममध्ये पहिल्या भागधारकांच्या सह्यांच्या पानावर वडिलांचं नाव, पत्ता, व्यवसाय असतो. PAS-3 ला जोडलेल्या यादीतही पत्ते येतात. 2014 च्या आधीचे कागद असतील तर पत्त्यात Belgaum असेल, नंतरच्यात Belagavi. तो फरक मोजू नका, घर नंबर आणि गल्ली जुळतेय का पाहा.

मग 'क' चा INC-22. नोंदणीकृत ऑफिसच्या पुराव्यासाठी विजेचं बिल आणि जागामालकाची हरकत नसल्याचं पत्र जोडतात. हेस्कॉमचं बिल कोणाच्या नावे आहे?

मशीनशॉप_उद्यमबाग

बिल शेठच्या नावे. ना हरकत पत्रावर त्यांचीच सही, Chougale. पत्ता मंजुरीपत्रातल्याशी शब्दशः जुळतो.

बँक_निवृत्त

मग आता शंका कसली? मालक सापडला. माझं आधीचं म्हणणं मागे घेतो.

ताळेबंद

साहेब, सापडला तो जामीनदार आणि जागामालक, आणि दोन्ही एकच माणूस आहे हे पक्कं झालं. 'ख' चे तिघे त्याच्यासाठी शेअर्स धरून आहेत का, हे कोणताही फॉर्म सांगत नाही. तसं धरलं असेल तर नावाचा धारक आणि खरा मालक अशा दोघांनी कंपनीला MGT-4 आणि MGT-5 देऊन कंपनीने MGT-6 भरायचा असतो. 'ख' च्या कागदांत MGT-6 शोधा. असेल तर प्रश्न संपला. नसेल तर तोंडी व्यवहाराचा माग पोर्टलवर उरत नाही.

तारखेचंही भान ठेवा. 31 मार्चची यादी वार्षिक सभेनंतर 60 दिवसांत भरतात, आणि ती सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घेतली तरी चालते. 5 एप्रिल 2024 ला कोणी शेअर्स विकले, तर ते 31 मार्च 2025 च्या यादीत येतील आणि ती यादी नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत येऊ शकते. म्हणजे जवळजवळ 20 महिने तुम्ही जुनं चित्र बघत राहता.

आणि शेठच मालक निघाले तरी कंपनीची उधारी त्यांच्या खिशातून आपोआप मिळत नाही. बँकेने त्यांची सही घेतली ती याच कारणाने.

मशीनशॉप_उद्यमबाग

MGT-6 नाही. मग मीही शेठची वैयक्तिक हमी लेखी मागू का? नवीन ग्राहक दुखावेल अशी भीती आहे.

वकील_खानापूर

मागा. हमीपत्रात नाव बँकेच्या कागदावरच्या स्पेलिंगने, वडिलांच्या नावासह आणि त्याच पत्त्यासह लिहा. कर्नाटकचा स्टॅम्प किती लागेल ते इथल्या लेखनिकाला विचारून घ्या, कोल्हापूरहून आणलेला कागद वापरू नका.

फाउंड्री_मच्छे

हमी नाही दिली तर पहिल्या दोन गाड्या रोखीवर द्या, आणि नोव्हेंबरनंतर यादी पुन्हा उघडून बघा.