एकाच्याच पगारावर घर आणि मुलं लहान: आपत्कालीन निधी सहा महिन्यांचा की वर्षाचा?

पाऊलवाट: घरात मी एकटीच कमावते. नवरा मुलांसाठी घरी असतो. मोठा पाच वर्षांचा, धाकटी दीड. घराचं कर्ज चालू आहे. अडीअडचणीसाठी बाजूला काढलेले पैसे दोन महिन्यांच्या खर्चापुरते आहेत. कुणी म्हणतं सहा महिन्यांचे पुरे, कुणी म्हणतं वर्षाचे हवेत. नेमके किती, आणि कोणत्या हिशेबाने?

जमाखर्च: नोकरी गेल्यानंतरचा एक महिना कागदावर मांडा, आकडा तिथून निघतो.

तुमचा आजचा महिन्याचा खर्च १०० धरू. समजा कर्जाचा हप्ता ३०, किराणा आणि बिलं २७, शाळा १३, औषधपाणी ५, विम्याचे हप्ते ५, कामावर जाणंयेणं ६, आणि बाहेरचं खाणं, खरेदी, फिरणं मिळून १४. पगार थांबला की निम्म्यात भागवू असं बहुतेकांना वाटतं, पण कात्री चालते ती फक्त शेवटच्या दोन बाबींवर. त्या २० वरून ४ वर आणल्या तरी ८४ राहतात. त्यात कंपनीचा आरोग्य विमा असेल तर तो नोकरीबरोबर जातो. लहान मुलं घरात असताना विम्याशिवाय राहायचं नाही, म्हणून चौघांसाठी स्वतः घेतलेल्या विम्याचे ६ धरा. झाले ९०.

आता काळ बघा. नोकरी शोधण्यात पाच महिने गेले असं समजू. होकार आल्यावर रुजू होईपर्यंत काही आठवडे जातात आणि पहिला पगार महिना भरल्यावर येतो. म्हणजे सात महिने. ९० च्या हिशेबाने ६३०. शाळेची फी सहामाही असेल आणि नोकरी नेमकी फी भरायच्या तोंडावर गेली, तर पहिल्या आणि सातव्या महिन्यात ती दोनदा भरावी लागेल. महिन्याला १३ म्हणजे सात महिन्यांची ९१ होते, प्रत्यक्षात खिशातून १५६ जातात. ही ६५ ची तूट मिळवली की ६९५. पाच महिन्यांच्या शोधाला आजचे सात महिने लागले ते असे. तुमच्या कामाचे लोक घेणाऱ्या कंपन्या मोजक्याच असतील तर मी नऊ म्हणेन. वर्षाचा आग्रह मी धरणार नाही.

दक्षिणवारा: मला हे पटत नाही. सात-नऊ महिन्यांचे पैसे बचत खात्यात ठेवायचे म्हणजे महागाई दरवर्षी त्यांचा तुकडा तोडणार. तीन महिने रोख ठेवा, बाकीचे इक्विटी फंडात. लागले तर विका, काही दिवसांत खात्यात येतात.

दुसरं, एका पगाराचं घर दोन पगारांच्या घरापेक्षा दुबळं असतं हे सगळे गृहीत धरतात. दोन पगारांच्या घराने अनेकदा दोन्ही पगार हप्त्यांत बांधून टाकलेले असतात, मग एक गेला तरी गाडं अडतं. आणि नोकरी जाण्याचा धोका तिथे दोन ठिकाणी. इथे निदान एक माणूस राखीव आहे. नवरा कामाला लागू शकतो.

कोरापाटी: एवढा विचार कशाला? मोठा टर्म विमा घ्या. कुटुंबाची सोय झाली की निधीची गरजच उरत नाही.

पाऊलवाट: @कोरापाटी, टर्म विमा आहे. मी विचारतेय ते मी धडधाकट असून पगार थांबला तर काय, याबद्दल.

जमाखर्च: @दक्षिणवारा, राखीव माणसाचा मुद्दा निम्मा मान्य. ताई घरी असतील तेव्हा मुलं त्यांच्याकडे राहतील, म्हणून नवऱ्याला बाहेर पडता येईल हे खरं. पण काही वर्षं कामाबाहेर असलेल्या माणसाला नोकरी मिळायलाही तेवढेच महिने लागतात आणि सुरुवातीचा पगार कमी असतो. त्याने निधीचा शेवटचा भाग लांबेल, पहिले चार महिने नाही.

इक्विटीचं मात्र अजिबात मान्य नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेचा एसअँडपी ५०० निर्देशांक साधारण महिन्याभरात ३४ टक्के पडला, आणि एप्रिलमध्ये तिथली बेरोजगारी १४ टक्क्यांच्या वर गेली. मंदीत नोकरी आणि बाजार एकदमच जातात. सहा महिन्यांचे म्हणून ठेवलेले पैसे त्या वेळी चारच महिन्यांचे उरतात.

दक्षिणवारा: तोच निर्देशांक ऑगस्टमध्ये आधीच्या उच्चांकाच्या वर होता.

जमाखर्च: ऑगस्टपर्यंत हप्ता कुणी थांबवून धरणार? ज्याचा पगार चालू होता त्याला ती घसरण सोसता आली.

सावली: तुम्ही सगळे नोकरी जाण्याबद्दलच बोलताय. आमच्याकडे नोकरी होती, पैसेही होते, तरी अडकलो. कमावता नवरा, मी घरी, मुलगी बालवाडीत. त्याचा अपघात झाला, शुद्ध नव्हती. दवाखान्यात भरती करतानाच अनामत मागितली, कारण विमा कंपनीची मंजुरी यायची होती. निधी होता तो त्याच्या एकट्याच्या नावावर. फोन लॉक, ओटीपी त्याच फोनवर. माझ्या हातात कार्ड होतं, पिन माहीत नव्हता. त्या रात्री माझ्या बहिणीने पैसे भरले. पुढे भरपगारी रजा संपली आणि बिनपगारी सुरू झाली, तेव्हा खरी ओढाताण झाली. नोकरी शाबूत, पगार शून्य आणि खर्च वाढलेला. त्यामुळे मला किती महिने यापेक्षा आधी हे सांगावंसं वाटतं की खातं दोघांच्या नावावर असू द्या, दोघांपैकी कुणालाही एकट्याने काढता येईल असं. आणि घरी असणाऱ्याने त्या खात्यातून दर काही महिन्यांनी एकदा स्वतःच्या हाताने पैसे काढून बघावेत.

जमाखर्च: @सावली, हे मी पहिल्यांदाच लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. एक महिन्याचा खर्च अशा संयुक्त बचत खात्यात. बाकीच्याची एकच मोठी मुदत ठेव नको, प्रत्येकी एका महिन्याच्या खर्चाएवढ्या ठेवी करा. एक मोडली तरी बाकीच्यांचं व्याज जात नाही.

पाऊलवाट: @सावली, मनापासून आभार. आमचा निधीही माझ्या एकटीच्या नावावर आहे, या आठवड्यात बदलते.

जमाखर्चांच्या पद्धतीने मांडलं तर आमचा नोकरीनंतरचा महिना ८७ निघतो. फी तिमाही असल्यामुळे तिची तूट कमी. माझं काम तसं सगळीकडे लागणारं आहे, म्हणून सात महिने धरतेय. पण नवराच आजारी पडला तर? पगार चालू राहील, पण मुलांना सांभाळायला पूर्णवेळ माणूस ठेवावा लागेल.

जमाखर्च: तेव्हा निधी हळू आटतो, कारण पगार येत असतो. सांभाळणाऱ्या माणसाचे तीन-चार महिन्यांचे पैसे आणि तुमची थोडी बिनपगारी रजा या सातात मावेल. दोन्ही संकटं एकदम आली तर मावणार नाही, आणि तेवढ्यासाठी निधी दुप्पट करा असं मी सांगणार नाही.

पाऊलवाट: मग दोनाचे सात होईपर्यंत दरमहाची गुंतवणूक थांबवू का?

दक्षिणवारा: थांबवू नका. निम्मी करा. मुलं लहान आहेत तीच वर्षं पैसा वाढायची असतात.

जमाखर्च: मी चार महिन्यांपर्यंत पूर्ण थांबवेन आणि तिथून निम्मी. आज दोनच महिने आहेत, त्यात नोकरी गेली तर ती गुंतवणूकच मिळेल त्या भावाला विकावी लागेल.

दक्षिणवारा: चारपर्यंतही निम्मीच. यावर आपलं जमणार नाही.