‘काहीतरी करा ना’ हे अर्जात कसं लिहायचं?

रेवती_क: भाच्याने सेतू केंद्रातल्या माणसाला पाठवलेले मेसेज: ‘सर दाखला आला का’, ‘पंधरा दिवस होऊन गेले’, ‘कॉलेजवाले रोज विचारतात, काहीतरी करा ना’. उत्पन्नाचा दाखला आहे. 2 जूनला अर्ज दिला, पावती आहे. आता तहसीलदारांना लेखी द्यायचंय. मी लिहिलं, ‘कार्यालयाकडून दिरंगाई होत आहे’. यजमान म्हणतात ‘विलंब’ लिही. फरक पडतो का?

बाभूळबन: दिरंगाई फारसीतून आलेला शब्द, ‘दिरंग’ म्हणजे उशीर. विलंब आपला. तसंच ‘अर्ज’ काढून ‘आवेदन’ लिहा आणि ‘दाखला’ काढून ‘प्रमाणपत्र’.

निशा पुणेकर: आवेदन? तहसीलच्या खिडकीवर आवेदन म्हणालात तर समोरचा ‘कसला अर्ज?’ असंच विचारेल. अर्ज शेकडो वर्षं मराठीत आहे, तो आपलाच.

जुना_कारकून: फरक अर्थातच पडतो. उशीर कशानेही होतो, विलंबही. दिरंगाईत कुणीतरी काम टाळलं असा ठपका असतो. लोक ज्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, त्या 2005 च्या अधिनियमाच्या नावातही ‘विलंबास प्रतिबंध’ आहे. पहिल्या पत्रात ठपका नको, तारखा द्या:

‘विषय: उत्पन्नाचा दाखला मिळणेबाबत. संदर्भ: माझा दि. 2 जूनचा अर्ज, पावती क्र. …

महोदय, उपरोक्त अर्जासोबत आवश्यक कागदपत्रे जोडली होती. विहित मुदत संपूनही दाखला अद्याप मिळालेला नाही. महाविद्यालयात तो दि. … पर्यंत सादर करावयाचा आहे. तरी दाखला त्वरित मिळावा, अथवा अर्जात त्रुटी असल्यास लेखी कळवावे, ही विनंती.’

तुमचं ‘काहीतरी करा ना’ त्या शेवटच्या वाक्यात आलं. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ एवढंच लिहिलं की फाइल तिथेच राहते. नक्की काय हवं ते सांगा. अर्जाखाली भाच्याचीच सही घ्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्क्यासह पोच.

गणेश_वाई: एवढी विनवणी कशाला? लोकसेवा हक्क कायदा आहे. 15 दिवस उलटले की साहेबाला आपोआप दंड.

जुना_कारकून: 15 दिवस बरोबर, आपोआप नाही. मुदत संपल्यापासून 30 दिवसांत प्रथम अपील करावं लागतं. 500 ते 5000 रुपयांचा दंड अपिलात ठरतो. वरचं पत्र म्हणजे अपील नव्हे, आणि ते दिलं म्हणून अपिलाचे दिवस थांबत नाहीत.

बाभूळबन: ‘मिळणेबाबत’ हे तरी मराठी आहे का? ‘मिळण्याबाबत’ हवं.

निशा पुणेकर: कचेरीत ‘मिळणेबाबत’च चालतं.

बाभूळबन: चालतं म्हणून शुद्ध होत नाही.

सुमन ताई: माझ्या जन्मदाखल्यावर नाव ‘सुमन’, शाळेत ‘सुमनबाई’. त्यासाठी ‘नावात बदल’ लिहू की ‘नावात दुरुस्ती’?

गणेश_वाई: बदलच. गॅझेट करावं लागेल.

जुना_कारकून: थांबा, आधी सांगा, चूक कुठल्या कागदावर आहे?