मदत हवी आहे: भाचीच्या डोक्यातला ‘पक्षी’ नेमका कसा साठलाय?

भाची अडीच वर्षांची. चिमणी, साळुंकी दिसली की लगेच ‘पक्षी’. कोंबडीला मात्र ठाम नकार: "ती कोंबडी आहे!" मानसशास्त्रज्ञ एलेनॉर रॉश यांच्या आदिनमुना सिद्धान्ताने हे पटतं: मनात एक सरासरी पक्षी, कोंबडी त्यापासून लांब.

पण तळ्यावरचं एकच बदक ‘पक्षी’ म्हणून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी चित्रातला हंस तिने आपणहून पक्षी ठरवला. हे मेडिन-शॅफर (1978) यांच्या मताला धरून वाटतं: सरासरी नाही, पाहिलेली एकेक उदाहरणंच साठतात. की बदकामुळे सरासरीच सरकली? कोंबडी पुन्हा दाखवली, नकार कायम. पण तिचं नाव तिला आधीच येतं, म्हणून ती चाचणी बाद.

ती चार-पाच चित्रंच टिकून बघते. तिला नाव न येणारे कोणते पक्षी दाखवले, तर दोन्ही सिद्धान्तांची उत्तरं वेगळी येतील?