अनुभव धागा : रजेवरचा ऑटो-रिप्लाय लावण्याआधी कुणी वाचला होता का?

तापीकाठ (जळगाव)
सुरुवात माझ्यापासून. 2025 ची आखाजी 30 एप्रिलला, बुधवारी होती. गुरुवारी 1 मेची सुट्टी, शुक्रवारची रजा टाकली, पुढे शनिवार-रविवार. निघायच्या घाईत जीमेलला हे चिकटवलं:

> मी 2 मेपर्यंत रजेवर आहे. आखाजीला बहिणी माहेरी आल्यात, गावात नेटवर्क नसतं. तातडीचं असल्यास ऑफिसशी संपर्क साधावा.

रजेचा अर्ज 2 तारखेपर्यंतचा, म्हणून मेलमध्येही तेच. पण रावेरचा केळी व्यापारी शनिवारी सुट्टी घेत नाही. त्याने सरळ अर्थ काढला : 3 तारखेला साहेब हजर. ठिबकच्या नळ्यांच्या ऑर्डरला माझी मंजुरी हवी होती. शनिवारी दिवसभर त्याने वाट पाहिली आणि सोमवारी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिवाय ‘ऑफिस’ म्हणजे कोण, हेही त्याला कळलं नव्हतं. आता मी कधीपर्यंत नाही हे लिहितच नाही, कधी परत येणार तेवढंच लिहितो, वारासकट : ‘सोमवार, 5 मे रोजी सकाळी कामावर येईन.’ वार लिहिला की तारीख चुकली तर वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं.

तुमचेही किस्से येऊ द्या.

साक्रीवाली
‘पर्यंत’वरून आमच्याकडे घरातही भांडणं होतात! पण माझा किस्सा पर्यायी माणसाचा. कानबाईला मी सोमवारच्या विसर्जनापर्यंत गावी होते. मेलमध्ये सहकाऱ्याचं नाव दिलं. त्याला विचारलं नव्हतं. त्याच्याही घरी कानबाई, तोही रजेवर, आणि त्याच्या मेलमध्ये पर्याय म्हणून माझं नाव! एका पुरवठादाराने दोघांना मेल केला, दोन्हीकडून उत्तर आलं, काम कुणीच केलं नाही. आता नाव देण्याआधी विचारते, आणि कुठलं काम त्याच्याकडे ते लिहिते. ‘बिलांसाठी अमुक, माल पोचण्यासाठी तमुक.’ दोनच नावं. पाच दिली की लोक पाचही जणांना लिहितात.

भुसावळ जंक्शन
जीमेलमध्ये Last day ला परतण्याची तारीख टाकायची, सोपं आहे. आणि हो, प्रत्येक मेलला उत्तर जातं, गिऱ्हाईक वैतागतं, म्हणून मी लावतच नाही.

पारोळ्याचा मास्तर
मुख्याध्यापकांनी माझा रजेचा अर्ज दोनदा परत केला, कारण लिहिलं नाही म्हणून. धाग्याचा विषय हाच ना?

तापीकाठ
मास्तर, नाही, पण गंमत बघा : अर्जात कारण लागतं, मेलमध्ये नको.

आयटीवाला खान्देशी (पुण्यात, मूळ शिरपूर)
भुसावळकर, दोन्ही दुरुस्त करतो. Last day च्या रात्री 11:59 पर्यंत उत्तर जात राहतं. 5 तारखेला हजर असाल तर तिथे 4 मे टाका, नाहीतर तुम्ही खुर्चीत आणि मेल सांगतोय साहेब गावी. दुसरं, त्याच माणसाने पुन्हा मेल केला तर चार दिवसांनंतरच परत उत्तर जातं. मात्र मध्येच मजकूर बदललात तर नवा मजकूर त्याला लगेच जाऊ शकतो. म्हणून आधीच दुसऱ्याकडून वाचून घ्या. मी घरच्या मेलवरून स्वतःला एक मेल टाकतो आणि जे येतं ते फोनवर वाचतो. मागच्या दिवाळीचा मजकूर तसाच राहिल्याचं दोनदा असंच सापडलं.

भुसावळ जंक्शन
चार दिवसांचं माहीत नव्हतं. पण Last day एक दिवस पुढे ठेवणं मला आवडतं. पहिला दिवस साचलेले मेल उपसण्यातच जातो.

साक्रीवाली
मग मजकुरातही मंगळवार लिहा. दोन तारखा दोन गोष्टी सांगायला नकोत.

धुळ्याची हिशेबवाली
तपशिलाचं माझं ऐका. आमच्या साहेबांनी लिहिलं होतं : ‘कुटुंबासह केरळला, 12 दिवस, पेमेंटची मंजुरी माझ्याऐवजी अमुक देतील.’ चौथ्या दिवशी त्या अमुकला साहेबांच्या नावाने मेल : ‘प्रवासात आहे, फोन करू नको, आजच या खात्यावर पाठव.’ मेलचा पत्ता एका अक्षराने वेगळा होता, म्हणून वाचलो. आता आउटलुकमध्ये आतल्यांना आणि बाहेरच्यांना वेगळा मजकूर असतो. बाहेरच्या रकान्यात परतण्याचा दिवस आणि विभागाचा सामाईक मेल, बस. कोण मंजुरी देतं ते फक्त आतल्या रकान्यात.

तापीकाठ
म्हणजे माझ्या बहिणी आणि नेटवर्क, दोन्ही काढायचं.

भुसावळ जंक्शन
बहिणी राहू द्या हो. रावेरच्या व्यापाऱ्याने तेवढ्यावरच माफ केलं असेल.

तापीकाठ
नाही केलं. पुढची ऑर्डर दुसरीकडे गेली.