मदत हवी आहे: मुलीला त्याच वर्गात ठेवू द्यावं का? शुक्रवारपर्यंत सांगायचंय

निशिगंध
काल शाळेत बोलावलं होतं. मुलीला याच वर्गात आणखी एक वर्ष बसवू, म्हणजे पाया पक्का होईल, असं वर्गशिक्षिकांचं म्हणणं. गणितात नापास आहे. मी नको म्हटलं तर पुढे पाठवतील, पण "मग जबाबदारी तुमची" असंही म्हणाल्या. शुक्रवारपर्यंत लेखी द्यायचंय. नवरा म्हणतो बसव, एका वर्षानं काही बिघडत नाही. मुलगी कालपासून बोलत नाहीये. वर्ष पुन्हा केल्यानं खरंच फायदा होतो का? अनुभव असलेल्यांनी कृपया लवकर सांगा.

आजीबाई२
अगं, अजिबात घाई करू नकोस. माझ्या नातवालाही सगळ्यांनी लवकर शाळेत घालायला लावलं होतं. आम्ही एक वर्ष थांबलो आणि पोर शांत झालं. लहान वयात हातात पेन्सिलसुद्धा धड धरता येत नाही.

निशिगंध
आजी, ती लहान नाही. आठवीत आहे.

रानवाट
मी स्वतः नववी दोनदा केली. पहिल्या वर्षी कावीळ होऊन तीन महिने घरी होतो. दुसऱ्या वर्षी तेच धडे नीट समजले आणि पुढे इंजिनियर झालो. लोक काय म्हणतील याचा विचार करू नका, मुलीला बसवा. नुसतं पुढे ढकललेलं मूल दहावीत आपटतं, हे मी मित्रांमध्ये पाहिलंय.

अभ्यासू_वाचक
चुकीचा सल्ला. मुलांना नापास करण्याचा तोटाच होतो, हे जगभरच्या संशोधनात सिद्ध झालंय. मागे ठेवलेली मुलं शाळा जास्त सोडतात. विषय संपला.

कंदील
रानवाट, तुम्ही आजारी होतात. शिकवलेलं समजलंच नव्हतं अशातला प्रकार नव्हता. माझ्या धाकट्या भावाला आठवीत ठेवलं. जूनमध्ये गेला तेव्हा बरोबरचे सगळे वरच्या मजल्यावर आणि हा खाली, डोक्याएवढ्यानं उंच. दिवाळीपर्यंत आठवड्यातून दोन दिवस दांडी, संक्रांतीनंतर गेलाच नाही. आम्हाला कुणाला तो एक दिवस सांगता येत नाही, ज्या दिवशी त्यानं शाळा सोडली.

रानवाट
वाईट वाटलं. पण घरच्यांनी लक्ष दिलं असतं तर?

कंदील
दिलं होतं. आईनं रोज गेटपर्यंत सोडलं. कृपया असं म्हणू नका.

जुना_फळा
निशिगंधताई, मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. अशा निर्णयांच्या बैठकांना बसलोय आणि त्यांतले काही निर्णय आजही मला टोचतात. उत्तर देण्याआधी चार गोष्टी हव्यात. मुलीचं नेमकं वय काय? याआधी एखादं वर्ष गेलंय का? बाकीच्या विषयांत किती गुण आहेत? आणि वर्षभरात गैरहजेरी किती, विशेषतः कुठल्या दिवशी?

निशिगंध
सर, पुढच्या महिन्यात पंधरा पूर्ण होतील. बदल्यांमुळे शाळेत उशिरा घातली होती आणि दुसरीचं वर्ष परत केलं होतं. ते इतकं जुनं आहे की लिहायचं सुचलं नाही. भाषांमध्ये साठच्या वर, विज्ञानात पन्नास, गणितात १८. गैरहजेरी ३४ दिवस. प्रगतिपुस्तकात आहे, पण मी नीट पाहिली नव्हती. आता तिच्या मैत्रिणीला विचारलं, तर म्हणे पहिल्या तासाला गणित असतं त्या दिवशीच ती येत नाही.

तळटीप
डोळे तपासलेत का? माझ्या मुलाला फळ्यावरचे आकडे दिसत नव्हते, सहा महिने आम्ही त्याला ढ समजत होतो. चष्मा लागला आणि सगळं बदललं. आधी डोळे.

निशिगंध
गेल्याच वर्षी तपासले होते, ठीक होते. पण परत नेते.

जुना_फळा
तुम्ही दिलेल्या माहितीनं माझं मत बरंच बदललं. पण आधी वर जे "सिद्ध झालंय" म्हटलंय त्याबद्दल. मागे ठेवलेली मुलं शाळा जास्त सोडतात हे खरं, पण मागे ठेवली म्हणून सोडतात हे तेवढ्यावरून म्हणता येत नाही. ती मुलं आधीपासूनच अडचणीत असतात. खरी तुलना व्हायची तर उंबरठ्यावरची मुलं बघावी लागतात. एखादा एका गुणानं वाचला, शेजारचा एका गुणानं अडकला. दोघं जवळजवळ सारखेच, फरक फक्त निकालाचा.

शिकागोत १९९६ पासून तिसरी, सहावी आणि आठवीत परीक्षा पास झाल्याशिवाय पुढे जाता येत नसे. ब्रायन जेकब आणि लार्स लेफग्रेन या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या अशा उंबरठ्यावरच्या मुलांचा मागोवा घेतला. सहावीत थांबवलेल्या लहान मुलांच्या शाळा सोडण्यात ठळक फरक दिसला नाही. आठवीतल्या मोठ्या मुलांमध्ये मात्र शाळा सोडण्याचं प्रमाण वाढलं. फार प्रचंड नाही, पण वाढलं. उरुग्वेत तीनपेक्षा जास्त विषय राहिले की माध्यमिकचं वर्ष आपोआप जायचं. तिथंही असाच अभ्यास झाला. अडकलेली मुलं चार-पाच वर्षांनंतरसुद्धा शिक्षणात मागेच राहिली होती. त्यामुळे "बसवावं का" या प्रश्नाआधी "कुठल्या वयात" हा प्रश्न येतो.

अभ्यासू_वाचक
म्हणजे मी बरोबरच होतो.

जुना_फळा
अर्धे. फ्लोरिडात तिसरीला वाचता न येणाऱ्या मुलांना थांबवायचा नियम आला. त्या मुलांचे पुढे माध्यमिक शाळेतले गुण थोडे सुधारले आणि शाळा पूर्ण करण्याच्या प्रमाणावर वाईट परिणाम दिसला नाही. पण तिथं थांबवलेल्या मुलाला रोज ९० मिनिटं वाचन, सुट्टीतला वाचनवर्ग आणि ज्याचे विद्यार्थी चांगली प्रगती करतात असा शिक्षक द्यायचा, हेही त्याच नियमात होतं. फायदा थांबल्याचा की त्या ९० मिनिटांचा, हे वेगळं काढणं फार अवघड आहे. बहुतेक शाळांत मूल थांबतं आणि बाकी काहीच बदलत नाही. तोच वर्ग, तेच पुस्तक, पुष्कळदा तेच शिक्षक.

रानवाट
पण सर, पाया कच्चा असताना नववीचं गणित तिला कसं जमेल? हे तर तुम्हीही मान्य कराल.

जुना_फळा
अगदी मान्य. माझा प्रश्न एवढाच की पाया आठवीच्या पुस्तकात आहे का? ताई, आज संध्याकाळी तिला चार उदाहरणं द्या. परीक्षा म्हणू नका, वेळ लावू नका आणि ती काय विचार करते ते मोठ्यानं बोलायला सांगा. चूक झाली तरी मध्ये थांबवू नका.

```
2x + 5 = 17
-3 - 5
1/2 + 1/3
x/2 + x/3 = 10
```

तिनं लिहिलेलं जसंच्या तसं इथं टाका. उत्तर बरोबर की चूक यापेक्षा ती तिथं कशी पोचली ते मला हवंय.

आजीबाई२
पोरीला आधी जेवू घाल आणि मगच विचार हो.

निशिगंध
सर, केलं. पहिल्यांदा नाही म्हणाली, मग मीही शेजारी वही घेऊन बसले तेव्हा तयार झाली. पहिल्याचं उत्तर ६ आलं, पटकन. दुसऱ्याचं −८, तेही बरोबर. तिसऱ्याचं २/५ लिहिलं. म्हणाली, वरचे वरचे मिळवायचे, खालचे खालचे मिळवायचे. चौथ्यात २x/५ = १० केलं आणि x = २५ काढलं.

जुना_फळा
आता चौथं उदाहरण नीट पाहा. २x/५ = १० हे समीकरण तिनं अचूक सोडवलं. दोन्ही बाजूंना पाचानं गुणलं, दोननं भागलं, २५. आठवीत जे शिकवतात ते तिला येतंय. चूक त्याच्या आधीच्या ओळीत आहे, अपूर्णांकांच्या बेरजेत. ती प्राथमिक शाळेतली गोष्ट आहे. खाली ६ घेतले तर ३x/६ आणि २x/६, म्हणजे ५x/६ = १०, आणि x = १२. पेपर तपासणाऱ्याला फक्त चुकलेलं समीकरण दिसतं आणि तो शेरा मारतो, "समीकरणे कच्ची".

आठवी पुन्हा केली तर तिला समीकरणं पुन्हा शिकवतील, जी तिला येतात. अपूर्णांक कुणी शिकवणार नाही, कारण ते आठवीत नाहीतच. भाषा, विज्ञान, इतिहास, पास झालेलं सगळं मात्र वर्षभर परत ऐकावं लागेल. आणि वय. आठवी पुन्हा केली तर दहावी संपेपर्यंत ती अठराची होईल, वर्गातल्या मुलांपेक्षा दोन-अडीच वर्षांनी मोठी. त्यात ही दुसरी वेळ आणि ३४ दिवसांची दांडी आधीच सुरू आहे. कंदील यांनी भावाबद्दल जे लिहिलंय तिथपर्यंत जाणारी वाट इथूनच निघते. माझं मत: थांबवू नका.

रानवाट
माझ्यासारखं कुणी आजारी पडलं असतं, तर सर?

जुना_फळा
तर मी वेगळं सांगितलं असतं. तुमचं त्याच वर्षाचं शिकणं राहिलं होतं आणि तेच वर्ष तुम्हाला परत मिळालं. शिवाय तुम्ही वयानं पुढे गेलेले नव्हता. औषध दुखण्याला लागू पडलं.

कंदील
पण सर, नुसतं पुढे पाठवून तरी काय होणार? नववीतही ती त्या तासाला दांडी मारेलच ना?

जुना_फळा
हो, मारेल. पुढे पाठवणं हा उपाय नाही, त्यानं फक्त नुकसान टळतं. म्हणून शाळेला होकार-नकार न कळवता मागणी कळवा. अपूर्णांक, मग दशांश, मग गुणोत्तर, याच क्रमानं आठवड्यातून चार दिवस, रोज अर्धा तास, तीन-चार मुलांच्या गटात. शिकवणारं माणूस कोण ते नावानिशी लिहून घ्या. सहा आठवड्यांनी हीच चार उदाहरणं आकडे बदलून द्या. १/४ + १/६ ला २/१० आलं, तर शिकवण्याची पद्धत चुकतेय, कागदाच्या पट्ट्या घडी घालून परत सुरुवात करा. ५/१२ आलं तर पुढे चला. आणि पहिला तास सुरू होताना ती वर्गात आहे का, हे रोज कुणीतरी तुम्हाला कळवायला हवं. गुण नंतर हलतील, हजेरी आधी हलेल.

अभ्यासू_वाचक
शाळेनं हे नाकारलं तर?

जुना_फळा
तर त्यांना विचारा, "थांबवलं तर पुढच्या वर्षी तिच्यासाठी नेमकं काय वेगळं करणार?" मी अनेक बैठकांत हा प्रश्न विचारायला हवा होता, विचारला नाही.

निशिगंध
शाळेतून आत्ताच आले. तोच प्रश्न विचारला. वर्गशिक्षिका थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या की वेगळं असं काही ठरलेलं नाही. पुढे पाठवायला तयार आहेत, पण अर्धा तास कोण देणार यावर अडलंय. गणिताच्या बाई दोन दिवस देतील, उरलेले दोन दिवस मी घरी घ्यायचे. सर, मला स्वतःला अपूर्णांक नीट येत नाहीत. कागदाच्या पट्ट्यांचं कसं करायचं ते लिहाल का? मुलीनंच विचारायला सांगितलंय.